रीलला किती पैसे द्यायचे? एका मसाल्याच्या ब्रँडचा पूर्ण हिशोब

आजचा एपिसोड इन्फ्लुएन्सर पार्टनरशिपवर आहे, पण मोठ्या ब्रँडच्या नाही. ज्यांचं बजेट दहा-पंधरा हजार आहे आणि ते बुडालं तर घरात बोलणी बसतील, अशा लहान ब्रँडच्या.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. ज्या ब्रँडचं उदाहरण घेणार आहे तो माझ्या आत्याचा आहे. सांगलीकडे तिचा कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला बनतो, आणि वेबसाईटचं काम मी बघतो. मी इंजिनिअर माणूस, मार्केटिंगवाला नाही. ब्रँडचं नाव या एपिसोडमध्ये घेणार नाही. का नाही, ते डिस्क्लोजरच्या भागात कळेल. आकडे मात्र आमच्या वहीतलेच आहेत, जवळच्या रुपयात केलेले.

आत्याने पंधरा हजार रुपये बाजूला काढले होते. हे पैसे पुढच्या हंगामाच्या मिरची खरेदीतले. ब्याडगी आणि संकेश्वरी उन्हाळ्याच्या तोंडाला घ्यावी लागते आणि तेव्हा पैसे रोख लागतात. म्हणजे हे पंधरा हजार परत आले नाहीत तर पुढच्या वर्षी तेवढी मिरची कमी. तिचा प्रश्न सरळ होता: "त्या रीलवाल्यांना किती द्यायचे असतात रे?"

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण फॉलोअर्सवरून देतात. एवढे हजार फॉलोअर्स असतील तर एवढे हजार रुपये. मला ते पटत नाही. उत्तर आपल्याच वहीत असतं. एका ऑर्डरमागे आपल्या हातात किती उरतात, हा एक आकडा काढा. निवड कुणाची करायची, फी किती द्यायची आणि काम जमलं की नाही, हे सगळं त्याच आकड्यावर ठरतं. म्हणून आधी तो काढू.

एका ऑर्डरमागे किती उरतात?

आमचा बॉक्स आहे ५९९ रुपयांचा. अर्धा किलो कांदा-लसूण मसाला, २०० ग्रॅम गोडा मसाला, डिलिव्हरी फ्री. आता खर्च बघा. कच्चा माल आणि कांडप मिळून २३५. पाऊच, बॉक्स, लेबल ३५. कुरिअर ७५. पेमेंट गेटवे किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचा चार्ज साधारण २०. किमतीतच धरलेला ५ टक्के जीएसटी, २९. एकूण ३९४. म्हणजे पोहोचलेल्या एका बॉक्समागे २०५ रुपये उरतात.

पण "पोहोचलेल्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं की काही बॉक्स परत येतात. माणूस घरी नसतो, फोन उचलत नाही, किंवा मूड बदलतो. कुरिअरच्या भाषेत याला आरटीओ म्हणतात, गाडीच्या पासिंगचं ऑफिस नव्हे. आमच्याकडे १०० ऑर्डरमागे साधारण १० परत येतात. अशा प्रत्येक बॉक्सवर जायचं आणि यायचं कुरिअर, शिवाय नवीन पॅकिंग, मिळून १५० रुपये जातात.

मग १०० ऑर्डरचा हिशोब असा होतो. ९० पोहोचल्या, त्याचे २०५ प्रमाणे १८,४५०. दहा परत आल्या, त्याचे १,५०० वजा. उरले १६,९५०. म्हणजे वेबसाईटवर पडलेल्या एका ऑर्डरमागे सरासरी १७० रुपये.

आता कूपन. इन्फ्लुएन्सर म्हटलं की कोड आलाच, आणि पहिला विचार येतो दहा टक्के सूट. करून बघू. ५९९ वर ६० रुपये कमी झाले. जीएसटी थोडा कमी लागेल, पण २०५ चे १४८ होतात. परत येणाऱ्या बॉक्सचा तोटा धरला तर एका ऑर्डरमागे ११८. ऐकायला दहा टक्के, पण नफ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

म्हणून आम्ही सूट दिलीच नाही. कोड टाकला की ५० ग्रॅम शेंगदाण्याची चटणी फुकट, असं ठेवलं. आम्हाला ती पॅकिंगसकट २० रुपयांना पडते. मग पोहोचलेल्या बॉक्समागे १८५ आणि सगळं धरून एका ऑर्डरमागे १५० रुपये उरतात. हे १५० लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच आहे.

निवड: फॉलोअर्स बाजूला ठेवा

आम्ही वीसेक अकाउंट्सची यादी केली आणि शेवटी तिघांशी बोललो. नावं घेत नाही, प्रत्येकाचं गणित सांगतो.

पहिलं अकाउंट मोठं. ३ लाख २० हजार फॉलोअर्स, गावाकडचं जेवण, चुलीवरचं मटण वगैरे. एका रीलचे ३५,००० मागितले. दुसऱ्या पुण्याच्या एक ताई, ४१,००० फॉलोअर्स, रोजच्या डब्याच्या रेसिपी. रील आणि दोन स्टोरीचे १२,०००. तिसरा बेंगळुरूत नोकरी करणारा एक दादा, फक्त ९,००० फॉलोअर्स, भाड्याच्या फ्लॅटमधल्या छोट्या किचनमध्ये मराठी जेवण बनवतो. त्याने ४,००० मागितले.

तिघांकडेही आम्ही एकच गोष्ट मागितली: शेवटच्या बारा रील्सचे व्ह्यूज आणि प्रेक्षक कोणत्या शहरांतले आहेत ते दाखवणारं स्क्रीन रेकॉर्डिंग. स्क्रीनशॉट नको, रेकॉर्डिंग. त्यात माणूस अकाउंट उघडून आत जाताना दिसतो, त्यामुळे दुसऱ्याचा किंवा जुना स्क्रीनशॉट खपवता येत नाही. नीट काम करणारी माणसं हे दोन मिनिटांत पाठवतात. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबायचं.

बारा आकडे आले की सरासरी काढू नका. एखादं रील चार लाखांवर गेलेलं असतं आणि ते सगळी सरासरी फुगवतं. शाळेत शिकलेला मध्यक काढा. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. बारा असले तर मधल्या दोघांची सरासरी. आपलं रील बहुधा त्याच्या आसपास जाणार. मोठ्या अकाउंटचा मध्यक निघाला १८,०००. पुण्याच्या ताईंचा २२,०००. बेंगळुरूच्या दादाचा ६,०००. म्हणजे आठपट फॉलोअर्स असलेलं अकाउंट प्रत्यक्षात ताईंपेक्षा कमी लोकांपर्यंत जात होतं. यात काही फसवणूक असेलच असं नाही. जुने फॉलोअर्स थंड पडतात, हे सगळीकडेच होतं.

आता शहरं. मोठ्या अकाउंटचे बरेचसे प्रेक्षक कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे. ऐकायला भारी वाटतं, आपलीच माणसं! पण सांगलीतलं घर कांदा-लसूण मसाला ऑनलाईन कशाला मागवेल? उन्हाळ्यात स्वतः मिरच्या निवडून, वाळवून डंकावर कांडून आणतात. त्यांना आपला माल नको असतो. आपलं गिऱ्हाईक आहे त्या घरातली पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत गेलेली मुलं-मुली, ज्यांचा आईने दिलेला डबा संपलाय. पुण्याच्या ताईंचे प्रेक्षक पुणे, पिंपरी-चिंचवड आणि ठाण्याचे होते. दादाचे निम्म्याहून जास्त बेंगळुरू आणि हैदराबादचे.

कॉमेंट्सही वाचा. शंभर कॉमेंट्समध्ये नुसते आगीचे इमोजी आणि "नाईस" असेल, आणि तीच दहा-बारा अकाउंट्स प्रत्येक रीलखाली दिसत असतील, तर ते एकमेकांच्या कॉमेंट्स वाढवणारे ग्रुप असतात. आपल्याला हव्या असतात प्रश्नाच्या कॉमेंट्स. दादाच्या रील्सखाली लोक विचारत होते, "मसाला कुठला वापरलास?", "बेंगळुरूत कुठे मिळतो?" असा प्रश्न विचारणारा माणूस खरेदीच्या अगदी जवळ उभा असतो.

आता १५० वापरू. मोठ्या अकाउंटचे ३५,००० आणि पाठवलेल्या बॉक्सचा आमचा खर्च ३६५, भागिले १५०. पैसे फक्त परत यायलाच २३६ ऑर्डर लागतील. व्ह्यूज १८,०००. म्हणजे दर ७६ व्ह्यूजमागे एक ऑर्डर. रील बघणारा माणूस बसमध्ये लटकलेला असतो, त्याला वेबसाईटवर जाऊन पत्ता भरून ५९९ द्यायचेत. ७६ मध्ये एक होणार नाही. त्यांना नम्रपणे नाही कळवलं.

ताईंचे १२,००० धरले तर ८३ ऑर्डर, म्हणजे दर २६५ व्ह्यूजमागे एक. तेही जास्तच वाटत होतं. पण तिथे बोलायला जागा होती.

फीची बोलणी: दर नाही, काम बदला

इथे लोक भाजी मंडईसारखा भाव करतात. बारा नको, सहा घ्या. मला ते चुकीचं वाटतं. एका रीलला त्या माणसाचा दीड दिवस जातो. सामान आणणं, रेसिपी दोनदा करणं, शूट, एडिट, आवाज. त्यांचा दर कमी आहे की जास्त, हे आपण ठरवू शकत नाही. आपल्याला कशाचे पैसे परवडतात तेवढंच आपण सांगू शकतो.

मी ताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, तुमचा दर कमी करा असं म्हणत नाहीये. आमच्या एका ऑर्डरमागे दीडशे उरतात. बारा हजारांना त्र्याऐंशी ऑर्डर लागतात. काम थोडं बदलून बघूया का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचा हिशोब सांगितला. नाहीतर सगळे म्हणतात बजेट नाही."

मग एकेक गोष्ट समोर ठेवली. त्यांच्या १२,००० मध्ये एक महिना दुसऱ्या कुठल्याही मसाल्याची जाहिरात न करण्याची अट धरलेली होती. आमच्यासाठी ती बिनकामाची. ती काढली, कारण त्या महिन्यात त्यांना दुसरं काम घेता येणार होतं. आम्हाला दुसरी एक गोष्ट हवी होती: मूळ व्हिडिओ, आणि तो ६० दिवस आमच्या वेबसाईटवर आणि जाहिरातीत वापरायची परवानगी. हे वेगळं मागावं लागतं. रील त्यांच्या अकाउंटवर टाकण्याचे पैसे दिले म्हणजे व्हिडिओ आपला झाला, असं नसतं. गावातल्या व्हिडिओवाल्याने अशाच एका रेसिपी व्हिडिओचे आम्हाला ३,००० सांगितले होते. तो खर्च वाचणार होता.

शेवटी ठरलं ते असं. ७,००० रुपये ठरलेले, अर्धे आधी आणि अर्धे पोस्ट झाल्यावर सात दिवसांत. शिवाय त्यांच्या कोडवरून किंवा लिंकवरून आलेल्या आणि पोहोचलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे ४० रुपये. बदल्यात एक रील, लिंकसकट दोन स्टोरी आणि व्हिडिओ वापरायची परवानगी. "पोहोचलेल्या" ऑर्डरवर कमिशन, पडलेल्या नाही, हे स्पष्ट लिहिलं. आणि दर शुक्रवारी त्यांना शीट पाठवायची, म्हणजे त्यांना आमच्या शब्दावर अवलंबून राहायला नको.

पुन्हा गणित. ७,००० मधून व्हिडिओचे ३,००० वजा केले, उरले ४,०००, अधिक बॉक्सचे ३६५. कमिशन धरून एका ऑर्डरमागे १५० ऐवजी ११४ उरतात. म्हणजे ३९ ऑर्डर, दर ५६४ व्ह्यूजमागे एक. हे होऊ शकतं, असं वाटलं.

बेंगळुरूच्या दादाशी काही बोलणी केलीच नाहीत. ४,००० ठीक होते. त्याला ३० ऑर्डर लागत होत्या, म्हणजे दर २०० व्ह्यूजमागे एक. ताईंच्या मानाने हे प्रमाण अवघड होतं, पण त्या कॉमेंट्समुळे आम्ही धोका घेतला. बुडालेच तर चार हजार बुडणार होते, पस्तीस नाही.

दोघांना एक-एक पानाचा ईमेल पाठवला: काय करायचं, तारीख काय, पैसे कधी, व्हिडिओ कुठे आणि किती दिवस वापरणार, लेबल कुठे लावायचं. दोघांनी "मान्य" असा रिप्लाय केला. एवढा कागद पुरतो, पण तो असायलाच हवा.

डिस्क्लोजर: "जाहिरात" हा शब्द कुठे दिसला पाहिजे

ताईंनी विचारलं, "ते पेड पार्टनरशिप कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगमध्ये टाकते, चालेल ना? वर टाकलं की रीच पडतो असं सगळे म्हणतात."

नाही, चालत नाही. आपल्याकडे याचे दोन नियम आहेत. एएससीआय ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था. तिची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत. दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने खास इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेत एक पुस्तिका आणली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. हा दंड ब्रँडलाही होऊ शकतो आणि इन्फ्लुएन्सरलाही. इन्फ्लुएन्सरवर वर्षभर जाहिरात करायची बंदीही येऊ शकते.

नियमाचा गाभा सोपा आहे. बघणाऱ्याला न शोधता कळलं पाहिजे की इथे देणं-घेणं झालेलं आहे. त्यामुळे हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं लेबल चालत नाही. व्हिडिओ असेल तर लेबल व्हिडिओवरच हवं, फक्त कॅप्शनमध्ये नाही. सरकारी पुस्तिका तर म्हणते, बोलूनही सांगा. लेबल किती वेळ दिसावं हेही एएससीआयने ठरवलंय. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद. त्याहून मोठा पण दोन मिनिटांच्या आतला असेल तर लांबीच्या एक तृतीयांश. ताईंचं रील होतं ४५ सेकंदांचं, म्हणजे १५ सेकंद लेबल.

आम्ही तीन गोष्टी केल्या. इन्स्टाग्रामचं Paid partnership लेबल चालू केलं. व्हिडिओवर पहिल्या फ्रेमपासून १५ सेकंद मराठीत "जाहिरात" असं लिहिलं, कारण रील मराठीत होतं आणि बघणाऱ्या काकूंना इंग्रजी लेबल समजेलच असं नाही. आणि ताई सुरुवातीलाच म्हणाल्या, "ही जाहिरात आहे, पण मसाला मी तीन आठवडे वापरलाय." हे वाक्य खरं होतं, कारण बॉक्स तीन आठवडे आधी पाठवला होता. न वापरता "मी वापरते" म्हणणं हीसुद्धा दिशाभूलच आहे.

इथे बरेच लहान ब्रँड एक गोष्ट विसरतात. पैसे दिले नाहीत, नुसता बॉक्स फुकट पाठवला, तरी ते देणं-घेणंच आहे. लेबल लागतंच. ओळख, नातं, नोकरी, हेसुद्धा त्यात येतं. म्हणूनच मी आत्याच्या ब्रँडचं नाव घेत नाहीये. घेतलं असतं तर हा एपिसोड जाहिरात झाला असता, आणि ऑडिओत ते सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगावं लागलं असतं.

स्क्रिप्टमधलं एक वाक्यही आम्ही काढायला लावलं. दादाने लिहिलं होतं, "यातल्या हळदीमुळे इम्युनिटी वाढते." अन्नपदार्थांच्या दाव्यांवर एफएसएसएआयचे २०१८ चे वेगळे नियम आहेत, आणि पुरावा द्यायची वेळ आली तर तो आपल्यालाच द्यावा लागतो. मसाला चवीला चांगला आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

रीच पडतो का? पडत असेल तर पडो. मग तो खर्च समजायचा आणि फी ठरवताना धरायचा.

मोजणी: एकाच मापावर विसंबू नका

मोजायला आम्ही तीन साधनं लावली. पहिलं, प्रत्येकाचा वेगळा कोड. दुसरं, प्रत्येकाची वेगळी लिंक. ताईंची लिंक अशी होती:

```
https://example.com/masala?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=pune_reel_01
```

शेवटचा `utm_campaign` प्रत्येकासाठी बदलायचा. मग गुगल ॲनालिटिक्समध्ये कुठल्या रीलवरून कोण आलं ते वेगळं दिसतं. तिसरं, ऑर्डर पूर्ण करताना एक ऐच्छिक प्रश्न: आमच्याबद्दल कुठून कळलं?

तीन कशाला? कारण प्रत्येकातून काहीतरी गळतं. माणूस रील फोनवर बघतो आणि रात्री लॅपटॉपवर नाव टाकून शोधतो, तिथे लिंक गेली. कुणी कोड टाकायला विसरतं. उलट कोड कधी कूपनच्या वेबसाईटवर पसरतो आणि ज्याने रील बघितलंच नाही तोही वापरतो.

शिवाय दोघांच्या पोस्टमध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं, नाहीतर कुणामुळे काय झालं ते कळत नाही. श्रावण टाळला, कारण तेव्हा बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद असतो आणि आकडे पडले तर दोष रीलला लागला असता. आणि आधीच्या सहा आठवड्यांची सरासरी काढून ठेवली: आठवड्याला १८ ऑर्डर.

ताईंच्या रीलला २६,००० व्ह्यूज गेले. कोडवरून ३१ ऑर्डर, लिंकवरून २२. बेरीज ५३ नाही करायची, कारण १४ जणांनी लिंकवरून येऊन कोडही टाकला होता. म्हणजे ३९. प्रश्नाच्या उत्तरात आणखी सहा जणांनी ताईंचं नाव लिहिलं. एकूण ४५. आता ताळा करू. त्या दोन आठवड्यांत एकूण ८४ ऑर्डर आल्या, एरवी ३६ आल्या असत्या, म्हणजे ४८ जास्तीच्या. ४५ आणि ४८ जवळ आहेत, तेव्हा आकडा विश्वासाचा. मोठा फरक निघाला असता तर मोजणीत कुठेतरी भोक आहे असं समजायचं.

४५ पैकी चार परत आल्या, ४१ पोहोचल्या. १८५ प्रमाणे ७,५८५, परतीचे ६०० वजा, उरले ६,९८५. ताईंचं कमिशन ३५ ऑर्डरचं, १,४००. राहिले ५,५८५. त्यातून ७,००० आणि बॉक्सचे ३६५ काढले की १,७८० रुपये तोटा. व्हिडिओचे ३,००० धरले तर १,२२० फायदा. दोन्ही आकडे खरे आहेत. व्हिडिओ खरोखर वापरणार असाल तरच दुसरा मोजा.

दादाच्या रीलला ७,२०० व्ह्यूज, २८ ऑर्डर. हिशोबाने ३० लागत होत्या, पण परत एकच आली, कारण बहुतेकांनी आधीच पैसे भरले होते. २७ गुणिले १८५ म्हणजे ४,९९५, त्यातून १५०, ४,००० आणि ३६५ काढले. ४८० रुपये फायदा.

खरी गोष्ट चार महिन्यांनी कळली. ताईंच्या ४१ गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांनी पुन्हा मागवलं, दादाच्या २७ पैकी अकरा जणांनी. दुसऱ्या ऑर्डरला चटणी नसते, म्हणून २०५ उरतात. ताईंकडून १,८४५ आले, म्हणजे व्हिडिओ न धरताही तोटा भरून ६५ रुपये वर. दादाकडून २,२५५, म्हणजे एकूण २,७३५. चौथा हिस्सा प्रेक्षक असलेल्या माणसाने जास्त कमावून दिलं. पुण्यात दुसरा मसाला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, बेंगळुरूत मिळत नाही. माझ्या मते कारण एवढंच.

पण २७ आणि ४१ हे आकडे लहान आहेत. चार माणसं इकडची तिकडे झाली तर चित्र बदलतं. एका रीलवरून "हा माणूस चांगला, तो वाईट" असं ठरवता येत नाही. म्हणून आत्याने सगळं बजेट दादावर लावलं नाही. त्याच्याबरोबर तीन महिन्यांत तीन रील्स ठरवल्या, प्रत्येकी ४,०००, प्रत्येकीची लिंक वेगळी, आणि दुसऱ्या रीलनंतर आकडे पडले तर दोघांपैकी कुणीही थांबू शकतं असं लिहून घेतलं. ताईंचा व्हिडिओ प्रॉडक्ट पेजवर ६० दिवस चालला. मुदत संपली त्या दिवशी मी तो काढला आणि आणखी ६० दिवसांचे किती घेणार ते त्यांना विचारलं. त्यांनी १,५०० सांगितले, आत्याने लगेच दिले.

आणि मिरचीचे पैसे? दोन्ही रील्समधून व्हिडिओ सोडून चार महिन्यांत गेलेलं सगळं परत आलं आणि वर २,८०० रुपये उरले. आत्याने ते वहीत मिरचीच्या पानावर लिहिले.

तुमच्या ब्रँडचा तो एक आकडा किती येतो, ते काढून बघा. खर्चाच्या यादीत अडकलात तर प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया.